निम्मे पैसे गेले म्हणजे निम्मं काम झालं का? अर्न्ड व्हॅल्यूची मागची गोष्ट

समजा 100 मीटर कंपाउंड वॉल बांधायची आहे, बजेट 10 लाख, मुदत 10 आठवडे. पाच आठवडे झाले, 5 लाख गेले. मीटिंगमध्ये सगळे खूश, कारण ठरवले होते तेवढेच गेले ना. पण साइटवर जाऊन टेप लावली तर भिंत 40 मीटरच उभी आहे. म्हणजे बजेटच्या भावाने झालेल्या कामाची किंमत 4 लाख, आणि त्यासाठी आपण मोजले 5. हा 4 लाखांचा आकडा म्हणजेच अर्न्ड व्हॅल्यू, कामाने "कमावलेले" पैसे. खर्च आणि प्लॅन एवढे दोनच आकडे बघणाऱ्याला हा एक लाखाचा खड्डा दिसतच नाही.

"कमावणं" हा शब्द आलाय कारखान्यातून. साधारण 1900 च्या आसपास अमेरिकन फॅक्टऱ्यांत इंडस्ट्रियल इंजिनियर लोकांनी प्रत्येक नगाला ठराविक तास लावून दिले. एका नगाला 2 तास धरलेत, कामगाराने 12 तासांत 5 नग काढले, तर तो कामावर होता 12 तास पण कमावले 10. किती ठरवलं, किती कमावलं, प्रत्यक्षात किती लागलं, हे तिन्ही आकडे तिथे शेजारी शेजारी होते. फॅक्टरीत हे सोपं, कारण नग मोजता येतो. कधीच न बनवलेलं क्षेपणास्त्र किती टक्के झालं ते कसं मोजणार, हा खरा घोळ.

आपल्याकडे पीडब्ल्यूडीच्या कामांवर वावरलेल्या माणसाला मात्र यात फार नवीन काही वाटणार नाही. इंजिनियर साइटवर मोजमाप घेऊन मेजरमेंट बुकात, म्हणजे एम.बी.त लिहितो, त्याला टेंडरचा रेट लागतो आणि त्यावर रनिंग बिल निघतं. ठेकेदाराचे सिमेंट-मजुरीवर किती गेले याच्याशी त्या बिलाला देणंघेणं नसतं. माझ्या मते हीच अर्न्ड व्हॅल्यू, फक्त ती बिल पास करायला वापरली जाते, पुढचा अंदाज बांधायला कोणी वापरत नाही.

क्षेपणास्त्रांच्या बाजूला गोष्ट अशी झाली की 1958 मध्ये अमेरिकन नेव्हीच्या पोलारिस प्रोग्रामसाठी पर्ट आलं, म्हणजे कामांचं जाळं काढून वेळेचा हिशोब. मग 1962 मध्ये त्याला खर्च जोडून पर्ट कॉस्ट काढलं. पण सरकारने कंपन्यांना सांगितलं की हिशोब याच पद्धतीने ठेवा, आणि प्रत्येक कंपनीची स्वतःची हिशोबाची पद्धत आधीपासून असल्यामुळे ते कोणालाच पचलं नाही. त्याच सुमारास एअर फोर्सने मिनिटमन क्षेपणास्त्राच्या कामात वेगळा रस्ता धरला. सिस्टिम तुमची तुम्ही ठेवा, पण ती अमुक प्रश्नांची उत्तरं देऊ शकली पाहिजे. डिसेंबर 1967 मध्ये संरक्षण खात्याने हेच 35 निकषांच्या रूपात सगळ्या मोठ्या कंत्राटांना लागू केलं. त्यातली ठरवलेलं काम, झालेलं काम आणि झालेला खर्च या तीन आकड्यांची नावं मात्र बीसीडब्ल्यूएस, बीसीडब्ल्यूपी, एसीडब्ल्यूपी अशी, की ऐकून माणूस पळूनच जाईल, आणि बरीच वर्षं हे सगळं अकाउंट्सवाल्यांचं खातं समजून मॅनेजर लोक त्या रिपोर्टकडे बघायचेच नाहीत.

न बघितल्यावर काय होतं ते ए-12 विमानाने दाखवलं. नेव्हीचं त्रिकोणी स्टेल्थ बॉम्बर, 1988 मध्ये मॅकडोनेल डग्लस आणि जनरल डायनॅमिक्स या दोन कंपन्यांना कंत्राट, खर्चाची वरची मर्यादा सुमारे 480 कोटी डॉलर. एप्रिल 1990 च्या रिपोर्टमधले आकडे साधारण असे होते: तोपर्यंत 208 कोटींचं काम व्हायला हवं होतं, झालं 149 कोटींचं, आणि खर्च झाले 195 कोटी. एकूण बजेट 404.6 कोटी. म्हणजे पैसे 48 टक्के संपलेले आणि काम 37 टक्के. खालच्या हिशोबात EV म्हणजे झालेल्या कामाची किंमत, AC म्हणजे झालेला खर्च, BAC म्हणजे एकूण बजेट, CPI म्हणजे खर्चाच्या मानाने किती काम निघालं ते, आणि EAC म्हणजे शेवटी किती खर्च येईल त्याचा अंदाज.

```
CPI = EV / AC   = 149 / 195    = 0.76
EAC = BAC / CPI = 404.6 / 0.76 = 530 (सुमारे)
```

सीपीआय 0.76 म्हणजे एक डॉलर घातला की 76 सेंटचं काम निघतंय. हाच वेग शेवटपर्यंत राहिला तर खर्च 530 कोटींच्या घरात, म्हणजे मर्यादेच्या बराच वर. हे काढायला भागाकार येणं पुरे. तरी त्याच एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी अमेरिकन संसदेपुढे प्रोग्राम ठीक चाललाय असं सांगितलं, आणि जूनच्या सुरुवातीला कंपन्यांनीच कळवलं की खर्च मर्यादेत बसत नाही आणि पहिलं उड्डाणही पुढे जाणार. नंतर चौकशी झाली तेव्हा दिसलं की जास्त खर्चाचे अंदाज विश्लेषकांनी आधीच काढलेले होते, ते वर पोचताना सौम्य होत गेले. जानेवारी 1991 मध्ये विमान रद्द झालं, आणि कोर्टातलं भांडण मिटायला 2014 उजाडलं.

त्यानंतर या आकड्यांकडे बघण्याची नजर बदलली. जुन्या कंत्राटांचा डेटा तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं की काम साधारण 20 टक्क्यांच्या पुढे गेलं की एकूण सीपीआय फारसा सुधारत नाही, त्यामुळे "पुढे भरून काढू" हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं. मग उद्योगांनी ते निकष सुटसुटीत करून 32 केले आणि 1998 मध्ये ते अमेरिकेचं राष्ट्रीय स्टँडर्ड झाले. ते भयंकर शब्द जाऊन पीव्ही म्हणजे ठरवलेल्या कामाची किंमत, ईव्ही आणि एसी अशी नावं आली.

पण सगळा डोलारा उभा आहे तो "किती टक्के झालं" या एका उत्तरावर, आणि ते उत्तर देणारा माणूसच असतो. काम 90 टक्क्यांपर्यंत झरझर येतं आणि मग कित्येक आठवडे 90 वरच बसून राहतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून 0/100 चा नियम, पूर्ण झाल्याशिवाय शून्य. किंवा 50/50, सुरू झालं की निम्मे, संपलं की उरलेले. हे नियम ओबडधोबड आहेत हे मान्य, पण त्यात कोणाच्या मूडवर काही अवलंबून राहत नाही, फक्त टास्क लहान ठेवावे लागतात, दोन-चार आठवड्यांचे. सहा महिन्यांच्या टास्कला 50/50 लावलं तर सुरुवातीलाच निम्मं बजेट कमावल्यासारखं दिसेल.

वेळेच्या आकड्यात अजून एक चकवा आहे. एसपीआय म्हणजे ईव्ही भागिले पीव्ही, आणि प्रोजेक्ट कितीही उशिरा संपला तरी शेवटी सगळं काम झालेलंच असतं त्यामुळे हा आकडा 1 वरच येतो. शेवटच्या टप्प्यात तो सुधारताना दिसला तर खूश होऊ नका. वॉल्ट लिप्के यांनी 2003 मध्ये यावर अर्न्ड शेड्यूल मांडलं, त्यात फरक पैशात न मोजता वेळेत मोजतात. वरच्या भिंतीत 40 मीटर व्हायला प्लॅनप्रमाणे 4 आठवडे होते, लागले 5, म्हणजे एक आठवडा मागे. हे ठेकेदारालाही लगेच कळतं.

आता हे सगळं सॉफ्टवेअरच करून देतं, पण जुनी गडबड तिथेही आहेच. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये `% Complete` हे टास्कच्या कालावधीवर चालतं, म्हणजे 10 दिवसांच्या टास्कचे 5 दिवस उलटले असं टाकलं की 50 टक्के, भिंत 20 मीटर असो की 50. प्रत्यक्ष कामासाठी `Physical % Complete` हा वेगळा कॉलम आहे, तो हाताने भरावा लागतो आणि त्या टास्कची `Earned Value Method` पण बदलावी लागते, नाहीतर ईव्ही जुन्याच आकड्यावर निघत राहते. आणि बेसलाइनच, म्हणजे मूळ प्लॅनच, सेव्ह केली नसेल तर पीव्ही आणि ईव्ही शून्य येतात, त्यावर लोक तासभर डोकं खाजवत बसतात.