बेल की ट्यूनेबल डायफ्राम? डॉक्टर झालेल्या मैत्रिणीला स्टेथोस्कोप देण्याआधी

दरवर्षी एमबीबीएसचे निकाल लागले की मला तोच फोन येतो. "मैत्रीण डॉक्टर झाली, चांगला स्टेथो द्यायचाय, कुठला घेऊ?" आणि लगेच पुढचं वाक्य, "दोन बाजूंचा घेते हं, एक मोठ्यांसाठी, एक लहान मुलांसाठी." हा घोळ दुकानदारही करतात आणि नव्या डॉक्टरही त्यात अडकतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कॉलेजात वापरला जाणारा साधा दोन बाजूंचा स्टेथो सगळ्यांनी पाहिलेला असतो. मोठ्या बाजूला ताणलेला चपटा पडदा, तो डायफ्राम. छोट्या बाजूला पडदा नसलेली पोकळ वाटी, ती बेल. बेल लहान मुलांसाठी नसते. छातीतले खालच्या पट्टीतले, घुमणारे आवाज ऐकायला ती असते. डायफ्राम हे खालचे आवाज अडवतो आणि वरच्या पट्टीतले पुढे पाठवतो.

नव्या, महागड्या स्टेथोंमध्ये बहुतेक ट्यूनेबल डायफ्राम असतो. त्याचा पडदा कडेच्या लवचीक पट्टीवर सैल बसवलेला असतो. हलका टेकवला की तो मोकळा हलतो आणि खालचे आवाज येतात. दाबला की त्याची हालचाल आखडते, खालचे आवाज गळतात आणि वरचे ठळक होतात. म्हणजे बेल आणि डायफ्राम एकाच बाजूला, आणि बदल करायचा तो बोटांच्या दाबाने.

यातलाच लिटमन ब्रँडचा क्लासिक ३ घेतलात, तर त्याच्या छोट्या बाजूलाही पडदाच असतो आणि ती बाजू खरोखरच लहान मुलांसाठी आहे. कॉलेजची सगळी वर्षं "छोटी बाजू म्हणजे बेल" हे हाताला शिकवलेली मुलगी सवयीने ती बाजू फिरवून मोठ्या माणसाच्या छातीवर ठेवते, वर दाबते, आणि तिला वाटतं आपण बेलने ऐकलं.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. इंटर्नशिपमध्ये मामाने दिलेला नवा स्टेथो गळ्यात, समोर धाप लागणारी तिशीची बाई. लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचं सांगत होती, म्हणजे मनात पहिली शंका मायट्रल स्टेनोसिसची, संधिज्वराने आकसलेल्या झडपेची. मी छोटी बाजू घट्ट दाबून ऐकलं आणि "मर्मर नाही", म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमध्ये जादा आवाज नाही, असं लिहिलं. सरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, माझाच स्टेथो घेऊन मोठी बाजू हृदयाच्या टोकावर नुसती टेकवली आणि म्हणाले, "हात हलका ठेव, आता ऐक." दुसऱ्या ठोक्यानंतर किंचित थांबून, लांबून गाडी घरघरत यावी तसा आवाज. त्यांनी अंगठ्याने दाबलं, आवाज गेला. सैल केलं, परत आला. साध्या बेललाही हेच लागू आहे: ती जोरात दाबली की खालची कातडीच ताणून पडदा बनते.

उलट झडप गळत असेल, अओर्टिक रिगर्जिटेशन असेल, तर आवाज वरच्या पट्टीतला, फुंकर मारल्यासारखा. त्यासाठी रुग्णाला पुढे वाकवून, श्वास सोडून थांबायला सांगून, ट्यूनेबल पडदा घट्ट दाबायचा.

माझं मत ठाम आहे. ट्यूनेबलच द्या. वॉर्डात दिवसाला पन्नास छात्या तपासताना दर वेळी स्टेथोचं डोकं फिरवायला कुणाला वेळ नसतो. पण ज्या मैत्रिणीची नजर एमडी मेडिसिनवर आहे आणि जिचा हात बेलवर बसलेला आहे, तिला उघडी बेलही हवीशी वाटेल. क्लासिक ३ मध्ये छोट्या बाजूचा पडदा काढून त्याजागी रबरी कडं बसवलं की ती बाजू बेल होते. ते कडं खोक्यातच आहे का, हे पैसे देण्याआधी बघा.

रंग, नळीची चमक यांवर डोकं खपवू नका. नाव मात्र कोरून घ्या, कारण वॉर्डात स्टेथो हातोहात जातो. नकली मालही खूप फिरतो, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिल ठेवा.

दिल्यानंतर दोन दिवसांनी "यातून काही ऐकूच येत नाही" असा फोन आला, तर घाबरू नका. दोन बाजूंच्या स्टेथोत एका वेळी एकच बाजू चालू असते. कानात घालून पडद्यावर बोटाने हळूच टिचकी मारायला सांगा. आवाज आला नाही, तर डोकं नळीच्या दांड्यावर अर्धं फिरवायचं, क्लिक होईपर्यंत.