प्रवासातील बद्धकोष्ठता

घर सोडल्यावर किंवा रोजचा क्रम मोडल्यावर दोन-चार दिवस शौचास न होणे, झालेच तर खडा होणे, कुंथावे लागणे आणि जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे न वाटणे, या त्रासाला प्रवासातील बद्धकोष्ठता म्हणतात. एरवी पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या माणसालाही ती होते आणि घरी परतल्यावर बहुधा आपोआप जाते. पुण्यात अशा वेळी ‘पाणी बदलले’ किंवा ‘बाहेरचे खाणे बाधले’ असे म्हणण्याची रीत आहे. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण मुख्य कारण वेगळे आहे. शरीराने दिलेली हाक नेमकी अशा वेळी येते, की तेव्हा माणूस उठून जाऊ शकत नाही. पाणी कमी पिण्याचा परिणाम त्यानंतर सुरू होतो आणि साचून राहिलेल्या मळावर तो जास्त होतो.

निरोगी माणसाला दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा शौचास होणे हे सारे स्वाभाविक मानले जाते. त्यामुळे प्रवासात एक दिवस चुकला म्हणून लगेच औषध शोधू नये. मळ कठीण होऊ लागला, जोर करावा लागू लागला, की तक्रार सुरू झाली असे समजावे.

मोठे आतडे रात्री जवळजवळ शांत असते. जाग आल्यावर ते हलू लागते आणि पोटात काही गेले की त्याला आणखी चालना मिळते. जठर ताणले गेले, की मोठ्या आतड्याच्या हालचाली वाढतात. दिवसभरात मोजक्याच वेळा त्यात एक लांब, जोरकस लाट उठते आणि मळ बराच पुढे, गुदाशयाकडे ढकलला जातो. या लाटा प्रामुख्याने उठल्यानंतर आणि खाल्ल्यानंतर येतात. सकाळी तांब्याभर पाणी, चहा, मग पोहे किंवा पोळी, आणि त्या दरम्यान केव्हातरी शौचाची भावना, हा पुण्यातल्या असंख्य घरांतला क्रम या रचनेशी नेमका जुळतो. वर्षानुवर्षे तीच वेळ पाळली, की आतड्यालाही तिची सवय लागते.

हा क्रम कसा मोडतो, ते एका नेहमीच्या प्रवासावरून पाहता येते. कोथरूडच्या एका पन्नाशीच्या बाई लग्नासाठी नागपूरला निघाल्या आहेत असे समजू. संगमवाडीहून रात्रीची स्लीपर बस आहे. बसमध्ये स्वच्छतागृह नाही आणि वाटेत ढाब्यावर एकदाच थांबा, तोही कसा असेल याची खात्री नाही. म्हणून त्या दुपारी चारपासूनच पाणी आवरते घेतात. बस लागू नये म्हणून गोळी घेतात. सकाळी सहाच्या सुमारास सवयीने पोटात कळ येते, पण बस भरधाव चाललेली असते. पाच-दहा मिनिटांत कळ ओसरते. नऊला लग्नघरी पोचल्यावर एकाच संडासापुढे दहा माणसे असतात, शिवाय परक्या घरात जास्त वेळ आत बसायचा संकोच वाटतो. ‘नंतर बघू’ म्हणून त्या चहा घेऊन कामाला लागतात. दुपारी पुरी, मसालेभात, जिलबी. भाकरी नाही, पालेभाजी नाही, कोशिंबीर चमचाभर. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्ताची गडबड. तिसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये पोट फुगलेले, भूक मेलेली, आणि पुण्यात उतरल्यावर जे होते ते बारीक, कोरडे खडे.

यात निर्णायक क्षण सकाळी सहाचा आहे. मळ गुदाशयात आला, की त्याची भिंत ताणली जाते आणि आतला स्नायू आपोआप सैल पडतो. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या ताब्यात असतो. तो घट्ट धरला, की गुदाशय काही वेळाने ताणाशी जुळवून घेतो, कळ विरते आणि काही मळ मागे वर सरकतो. पुढची जोरकस लाट येईपर्यंत काही तास जातात, कधी पूर्ण दिवसही. म्हणून ‘पोचल्यावर जाऊ’ हा बेत बहुतेकदा फसतो. पोचल्यावर जागा असते, पण कळ नसते. आयुर्वेदात चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय अशा न अडवण्याच्या वेगांवरच आहे आणि तिथे सांगितलेल्या तेरा वेगांत मळाचा वेग येतो. कळ दाबण्याचे दुष्परिणाम आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखले गेले होते.

आता पाणी. अन्नातले, प्यायलेले आणि पाचकरसांतले मिळून रोज सुमारे 9 लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला दीड लिटरच्या आसपास मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि मळाबरोबर शेवटी शंभर-दोनशे मिलिलिटरच बाहेर जातो. पाणी परत शोषणे हे मोठ्या आतड्याचे एक मुख्य कामच आहे आणि मळ जितका वेळ तिथे राहील तितके ते काम चालू राहते. नेहमीच्या मळात सुमारे पाऊण भाग पाणी असते. हे प्रमाण थोडे जरी खाली आले, तरी मऊ मळाचे खडे होतात. वरच्या उदाहरणात मळ दोन दिवस जास्त आत राहिला. शरीराला पाण्याची चणचण होती, म्हणून शोषण होईल तेवढे झाले. दोन्ही गोष्टी एकमेकींत भर घालत गेल्या.

यावरून पाण्याची मर्यादाही कळते. कमी पिणाऱ्याने नेहमीइतके पिणे उपयोगी आहे. पण पुरेसे पिणाऱ्याने आणखी दोन बाटल्या रिचवल्याने मळ मऊ होत नाही. जादा पाणी लहान आतड्यातच शोषले जाते आणि लघवीवाटे निघून जाते. लघवी फिकट पिवळी असेल, तर पाणी पुरेसे आहे. गडद आणि थोडी होत असेल, तर कमी पडते आहे. ‘पाणी पी, म्हणजे पोट साफ होईल’ हा सल्ला म्हणून अर्धाच खरा आहे.

प्रवासाआधी घेतलेल्या गोळ्यांचा विचार फार कमी जण करतात. घाटात बस लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांपैकी अनेकींनी तोंड कोरडे पडते, झोप येते आणि आतड्याची हालचालही मंदावते. काही जण ‘वाटेत पोट बिघडायला नको’ म्हणून जुलाब थांबवणारी गोळी आधीच घेऊन ठेवतात. जुलाब नसताना ती घेणे म्हणजे बद्धकोष्ठतेला आमंत्रण. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांनीही मळ घट्ट होतो. वरच्या बाईंना लोहाच्या गोळ्या चालू असत्या, तर त्रास एक दिवस आधीच सुरू झाला असता.

मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या पुण्यातल्या आईवडिलांना हा त्रास आठवडाभर पुरतो, त्याची कारणे थोडी निराळी आहेत. विमानातली हवा फार कोरडी असते आणि पंधरा-सोळा तास बसून काढावे लागतात. पण खरी अडचण घड्याळाची. कॅलिफोर्नियात सकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेसात वा साडेआठ वाजलेले असतात आणि आतडे अजून पुण्याच्या वेळेवर चालत असते. कळ तिथे भलत्याच वेळी, संध्याकाळी किंवा रात्री येते. त्यात ज्यांना आयुष्यभर उकिडवे बसायची सवय आहे त्यांना उंच कमोडवर जोर लागत नाही. उकिडवे बसल्यावर गुदाशय आणि गुदद्वार यांमधला कोन सरळ होतो आणि वाट मोकळी होते. कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचे पाट वा स्टूल घेऊन थोडे पुढे वाकले, की बराच फरक पडतो. पाण्याची सोय नसल्याने काही ज्येष्ठ जाणेच टाळतात. त्यांच्यासाठी एक साधा मग आधीच आणून ठेवावा.

प्रवास न करताही असेच घडते. हिंजवडीत रात्रपाळी सुरू झाली, की सकाळची लाट झोपेत किंवा कंपनीच्या बसमध्ये निघून जाते. सातची शाळा सुरू झालेले मूल घाईत जात नाही आणि शाळेतला संडास घाण म्हणून दिवसभर धरून ठेवते. एकदा खडा होऊन दुखले, की त्या भीतीने आणखी धरते. मुलांतली बद्धकोष्ठता चिवट होण्यामागे हे मोठे कारण असते.

उपाय कारणाशी जुळणारे हवेत. निघायच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणी नेहमीसारखे प्यावे आणि शेवटच्या दोन तासांतच आवरते घ्यावे. सकाळपासून तहान मारण्यात अर्थ नाही. पोचल्यावर पहिल्या सकाळी घरातल्या इतरांच्या अर्धा तास आधी उठावे, कोमट पाणी किंवा चहा घ्यावा, काहीतरी खावे आणि कळ आली नसली तरी दहा मिनिटे निवांत बसून पाहावे. जोर करू नये. दिवसा कधीही कळ आली, तर हातातले काम सोडून जावे. लग्नाच्या पंक्तीतही काकडी, पेरू, भिजवलेले मनुके, दोन केळी एवढे जमवता येते.

तीन दिवस काहीच झाले नाही, तर औषध घ्यायला हरकत नाही, मात्र ते कसे आणि किती वेळात काम करते हे माहीत हवे. इसबगोल पाणी धरून फुगते आणि मळाला आकारमान देते. ते मोठा पेलाभर पाण्यात लगेच प्यावे, वर आणखी पाणी घ्यावे आणि परिणामासाठी एक ते तीन दिवस थांबावे. घोटभर पाण्यात घेतलेले इसबगोल घशात किंवा आतड्यात गोळा होऊन अडू शकते, म्हणून पाणी टाळून बसप्रवासात ते घेऊ नये. लॅक्टुलोजचे पातळ औषध आतड्यात पाणी ओढून धरते, त्यालाही एक-दोन दिवस लागतात. बिसाकोडिलची गोळी सहा ते बारा तासांत आतड्याला आकुंचन पावायला लावते. ती रात्री घेतली तर सकाळी कळ येते. म्हणून ती बसमध्ये चढताना घेऊ नये, घरी असताना घ्यावी. सोनामुखी असलेली चूर्णेही याच प्रकारची आहेत. ती एखाद्या वेळी चालतात, रोजची सवय वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

घरी परतून आठवडा-दोन आठवडे झाले तरी जुना क्रम आला नाही, तर त्याचे खापर प्रवासावर फोडू नये. मळातून रक्त जाणे, वजन उतरणे, ताप, पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, यांपैकी काही असेल तर तपासणी करून घ्यावी. पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या आणि वायूही सरत नसेल, तर आतडे अडले असण्याची शक्यता असते. तेव्हा जुलाबाचे औषध न देता थेट रुग्णालयात न्यावे.

म्हाताऱ्या माणसांत एक फसवे चित्र दिसते. कित्येक दिवस शौचास झालेले नसते आणि अचानक पातळ, थोडे थोडे, नकळत होऊ लागते. घरच्यांना जुलाब वाटतात आणि ते थांबवायची गोळी दिली जाते. प्रत्यक्षात गुदाशयात कठीण गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपत असतो. त्या गोळीने अडथळा आणखी पक्का होतो. आधीच्या आठवड्यात नीट शौचास झाले होते का, हा एक प्रश्न विचारला, की बहुतेकदा खरे काय ते कळते. मग डॉक्टर बोटाने तपासून गोळा आहे की नाही ते पाहतात आणि असेल तर एनिमा देऊन किंवा हाताने तो काढतात.