आव थांबली म्हणजे अमिबा गेला असं नाही, दुसरं औषध का लागतं ते बघा

अमिबाच्या आवेवर मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल घेतलं की दोन-तीन दिवसांत रक्त थांबतं, मुरडा कमी होतो, भूक लागायला लागते आणि बहुतेक लोक तिथेच विषय संपवतात. पण अर्धं काम अजून बाकी असतं, आणि डॉक्टरने दुसरं औषध लिहून दिलं असेल तरी "आता बरं वाटतंय ना, मग कशाला" म्हणून ते घेतलंच जात नाही. मला हे फार खटकतं, कारण त्यामागचं कारण एकदा कळलं की कोणी ती चिठ्ठी बाजूला ठेवणार नाही.

हा अमिबा दोन रूपांत जगतो. एक हलणारं, खाणारं रूप, जे मोठ्या आतड्याच्या भिंतीत घुसून जखमा करतं आणि चक्क रक्तपेशी गिळतं. दुसरं म्हणजे सिस्ट, जाड कवच घातलेलं झोपलेलं रूप, जे शौचातून बाहेर पडतं, ओलसर जागी बरेच दिवस टिकतं आणि घाणेरड्या पाण्यातून किंवा हातांवरून पुढच्या माणसाच्या पोटात जातं. पाण्यात नेहमीच्या प्रमाणात क्लोरीन टाकलं तरी ते सहज मरत नाही, उकळलं तर मात्र मरतं.

आता मेट्रोनिडाझोल काय करतं? गोळी गिळली की ती लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण शोषली जाते आणि रक्तात जाते. रक्तातून आतड्याच्या भिंतीत, लिव्हरमध्ये, सगळीकडे पोचते आणि तिथल्या अमिबाचा डीएनए मोडते. भिंतीत घुसलेल्या अमिबासाठी हे उत्तम आहे. पण मोठ्या आतड्याच्या पोकळीत, म्हणजे जिथे शौच असतं तिथे औषध फारसं उरतच नाही, आणि सिस्टच्या कवचापुढे तर त्याचं काही चालत नाही. त्यामुळे नुसत्या मेट्रोनिडाझोलनंतर साधारण 40 ते 60 टक्के लोकांच्या आतड्यात अमिबा तसाच राहतो. माणूस ठणठणीत, पण सिस्ट बाहेर पडतायत, आणि त्याला स्वतःलाही काही महिन्यांनी परत त्रास होऊ शकतो.

म्हणून दुसरं औषध असं निवडतात जे रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही आणि आतड्यातच राहून काम करतं, उदाहरणार्थ पॅरोमोमायसिन किंवा डायलॉक्सानाइड फ्युरोएट.

समजा 60 किलोचा एक माणूस आहे, रक्ताची आव आणि तपासणीत अमिबा पक्का सापडलाय. त्याला मेट्रोनिडाझोल 500 ते 750 मिग्रॅ दिवसातून तीनदा, 7 ते 10 दिवस, किंवा त्याऐवजी टिनिडाझोल 2 ग्रॅम रोज एकदा, 3 दिवस. ते संपलं की पॅरोमोमायसिन, वजनाच्या किलोमागे दिवसाला 25 ते 35 मिग्रॅ, म्हणजे याला 500 मिग्रॅ तीनदा, 7 दिवस. डायलॉक्सानाइड दिलं तर तेही 500 मिग्रॅ तीनदा, पण 10 दिवस. बरेच डॉक्टर मेट्रोनिडाझोल आणि पॅरोमोमायसिन एकत्र देत नाहीत, कारण पॅरोमोमायसिननेच जुलाब होऊ शकतात आणि मग आव परत आली आहे की हा औषधाचा परिणाम आहे, हे कळत नाही. हे डोस समजण्यासाठी सांगितलेत, लहान मुलं, गरोदर बायका आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांचं गणित डॉक्टरच ठरवणार. मेट्रोनिडाझोलने तोंडात धातूसारखी चव येते, लघवी गडद होते, त्याने घाबरून कोर्स तोडू नका, पण कोर्समध्ये आणि नंतर 3 दिवस दारू नाही.

जिआर्डिया नावाच्या पोटातल्या दुसऱ्या परजीवीचं वेगळं आहे. तोही सिस्टमधूनच पसरतो, पण राहतो लहान आतड्याच्या वरच्या भागात, भिंतीला चिकटून, आत घुसत नाही. म्हणून रक्त पडत नाही, पडतात ते दुर्गंधीचे, तेलकट, तरंगणारे शौच, सोबत गॅस आणि पोट फुगणं. यात मोठ्यांना टिनिडाझोल 2 ग्रॅमचा एकच डोस बहुतेकदा पुरतो आणि दुसऱ्या औषधाची गरज नसते. नंतर काही आठवडे दूध पचत नाही, कारण आतड्याच्या आतल्या थराला मार बसलेला असतो, लोकांना वाटतं जिआर्डिया परत आला आणि उगाच पुन्हा कोर्स घेतात. आधी शौच तपासून घ्या.

तपासणीतही एक घोळ आहे. एन्टामिबा डिस्पार नावाचा निरुपद्रवी अमिबा मायक्रोस्कोपखाली अगदी तसाच दिसतो, रक्तपेशी गिळलेला अमिबा दिसला तर गोष्ट वेगळी, पण नुसत्या सिस्ट दिसल्या तर अँटिजेन किंवा पीसीआर केल्याशिवाय फरक कळत नाही. खरा घातक अमिबा निघाला आणि त्रास काहीच नसला तरी त्याला उपचार लागतो, फक्त तेव्हा मेट्रोनिडाझोल नको, आतड्यात राहणारं औषध एकटंच पुरतं. कोर्सनंतर काही आठवड्यांनी शौच परत तपासतात, आणि मधे कधीही ताप आणि उजव्या बरगड्यांखाली दुखणं सुरू झालं तर जुलाब नसले तरी लगेच दाखवा, लिव्हरमध्ये गळू झालेल्या बऱ्याच लोकांना तेव्हा जुलाब नसतातच.