‘मेक अ फोटो’ कुठून येतं?
आमच्या इंग्रजी आणि जर्मन वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी

जर्मन माणूस इंग्रजी बोलताना हमखास ‘टेक अ फोटो’ऐवजी ‘मेक अ फोटो’ म्हणतो. त्याच्या भाषेत ‘आइन फोटो माखेन’ म्हणतात, आणि माखेन म्हणजे करणे. इटालियन आणि पोलिश लोकांचंही तेच होतं, कारण तिकडेही फोटो ‘करतात’. फ्रेंचमध्ये मात्र इंग्रजीसारखाच फोटो ‘घेतात’, त्यामुळे फ्रेंच माणूस इथे सहसा अडखळत नाही.

आपल्याकडे जर्मन शिकणारे याच्या बरोबर उलट चुकतात. ते इंग्रजीतल्या ‘टेक’वरून ‘नेमेन’, म्हणजे घेणे, वापरतात. ते ऐकून जर्मन माणसाला वाटतं, टेबलावर पडलेला फोटो उचलायचा आहे.

ठरावीक नामाबरोबर ठरावीक क्रियापद येण्याच्या या रिवाजाला कोलोकेशन म्हणतात. अशा जोडीत अर्थाचा भार नामावर असतो आणि क्रियापद जवळजवळ रिकामं असतं. मराठीत आपण रांगोळी काढतो, कर्ज काढतो, फोटो काढतो, आणि भिंतीवरचा जुना फोटोही काढतो. या सगळ्यांतल्या ‘काढणे’चा एकच अर्थ सांगता येणार नाही. इंग्रजीतलं ‘टेक’ही असंच आहे. कॅमेरा येण्याआधी चित्रकाराने कुणाची छबी रेखाटली, तरी ‘टेक अ लाइकनेस’ म्हणत. पुढे तेच क्रियापद फोटोलाही लागलं. म्हणून इथे व्याकरणाचा नियम शोधू नका, तो मिळणार नाही.

‘मेक अ फोटो’ म्हटलं तरी समोरच्याला कळतं, म्हणून कुणी टोकत नाही आणि चूक वर्षानुवर्षं टिकते. पण दरवेळी इतकं सहज निभावत नाही. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो. ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक ॲन एक्झाम’ म्हणजे परीक्षेला बसणं. परदेशी नोकरीच्या अर्जात एखाद्या शिक्षिकेने ‘आय टूक द फायनल एक्झाम’ लिहिलं, तर वाचणारा समजेल की परीक्षार्थी तीच होती. ‘गिव्ह ॲन एक्झाम’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल उलटा समज होईल. भारतात हे चालून जातं, अर्ज बाहेर जाणार असेल तर बदला.

शंका आली की कोलोकेशनच्या शब्दकोशात क्रियापद नव्हे, नाम उघडा. ‘फोटोग्राफ’खाली त्याच्याबरोबर येणारी क्रियापदं एकत्र सापडतील. इंटरनेटवर शोधत असाल, तर जोडीच्या पुढचा शब्दही वाचा. ‘मेक अ फोटो’चे पुष्कळ निकाल दिसतात, पण त्यांतले बरेच ‘मेक अ फोटो अल्बम’ किंवा ‘मेक अ फोटो कोलाज’ असे असतात. तिथे ‘मेक’ अल्बमचं आहे, फोटोचं नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: काही व्यावसायिक छायाचित्रकार चित्र विचारपूर्वक घडवलं हे सांगण्यासाठी मुद्दाम ‘मेक अ फोटोग्राफ’ म्हणतात. सहलीच्या फोटोला ते लावू नका.

वर्गाच्या वहीत नवीन नाम एकटं उतरवू नका. क्रियापदासकट आणि स्वतःच्या एका वाक्यासकट लिहा. तपासताना आम्ही आधी ती जोडी पाहतो, स्पेलिंग नंतर.