सगळं ५ गिगाहर्ट्झवर टाकलं की नेट पळतं?

"राउटरचं २.४ बंद करा, घरातलं सगळं ५ गिगाहर्ट्झवर टाका, नेट दुप्पट पळेल."

राउटरच्याच खोलीत बसणाऱ्याला हा अनुभव खरोखर येतो, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वायफायचे दोन बँड. ५ वर चॅनेल, म्हणजे डेटा जायची वाट, रुंद मिळतो, बहुधा ८० मेगाहर्ट्झचा, २.४ वर सहसा २० चाच, आणि त्यातही शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह यांची दाटी. पण ५ ची लहर भिंतीत जास्त अडते. विटांची एक भिंत ती निभावते. दोन भिंती किंवा स्लॅब मध्ये आला की सिग्नल क्षीण होतो आणि फोन व राउटर आपसातला वेग उतरवतात.

पडताळणी सोपी आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. दोन्हींवर आधी हॉलमध्ये, मग आतल्या खोलीत दार लावून स्पीड टेस्ट घ्या. समजा, हॉलमध्ये ५ वर ९५ एमबीपीएस आणि २.४ वर ४० आले, पण आत ५ वर १२ आणि २.४ वर ३०. मग आतल्या खोलीतला लॅपटॉप २.४ वरच ठेवायचा.

राउटरजवळचा टीव्ही, गेमिंग, व्हिडिओ कॉल ५ वर. स्मार्ट प्लग, बल्ब, डोअरबेल यांत बहुतेकदा २.४ चाच रेडिओ असतो. तो बँड बंद केलात तर ती नेटवरून गायबच होतील. टीव्ही लांबच्या खोलीत असेल, तर बँड बदलत बसण्यापेक्षा सरळ लॅन केबल ओढा.