गाऊसचा नियम: सगळी सुरुवात एका भांड्यापासून झाली

मागच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सोलापूरची हवा मस्त कोरडी असताना, घरी 12वीच्या पोरांना एक प्रयोग दाखवला. स्टीलचा उंच डबा थर्माकोलवर ठेवला, घासलेला पीव्हीसी पाईप त्याला लावून लावून चार्ज दिला आणि दोऱ्याला बांधलेला थर्माकोलचा मणी जवळ नेला. बाहेरून मणी डब्याकडे ओढला जातो, पण तोच खोल आत सोडला तर सरळ लटकतो. तोंडाजवळ मात्र थोडा ओढ घेतो, कारण डबा वरून उघडा आहे.

हेच फ्रँकलिननं 1755 मध्ये चांदीच्या भांड्यात बुचाची गोळी सोडून पाहिलं होतं, पण असं का होतं ते त्याला कळेना. प्रीस्टलीनं हा प्रयोग पुन्हा करून 1767 मध्ये लिहिलं की न्यूटननं तर आधीच दाखवलंय, पोकळ गोलाच्या आत गुरुत्वाकर्षण शून्य येतं कारण बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आहे, मग विजेचंही तसंच असणार! मला हा तर्क फार आवडतो, बल न मोजता नुसत्या 'काहीच होत नाही' यावरून नियम ओळखला. हे बल प्रत्यक्ष मोजणारा कूलॉमचा तराजू आला 1785 मध्ये.

नंतर गाऊसनं हे फ्लक्सच्या, म्हणजे पृष्ठातून किती विद्युत क्षेत्र आरपार जातं त्याच्या भाषेत मांडलं: बंद पृष्ठातून जाणारा एकूण फ्लक्स म्हणजे आतला चार्ज भागिले ε₀ हा स्थिरांक. त्याचं हे लिखाण छापून यायला 1867 उजाडलं.

आता 10 सेमी त्रिज्येच्या गोल कवचावर 10 नॅनोकूलॉम चार्ज सारखा पसरलाय असं धरा. केंद्रापासून 30 सेमीवर कल्पनेतला गोल घ्या. सगळीकडे क्षेत्र E सारखंच आणि सरळ बाहेर, म्हणून E × 4πr² = Q/ε₀, उत्तर साधारण 1000 N/C. आत 5 सेमीवर आतला चार्ज शून्य, म्हणून क्षेत्रही शून्य.

इथेच पोरं फसतात, 'आत चार्ज नाही म्हणून क्षेत्र नाही' असं पाठ करतात. एकटा चार्ज बाजूला ठेवा आणि त्याच्याशेजारी रिकामा गोल कल्पा, फ्लक्स शून्यच येईल पण क्षेत्र तर आहे ना! शून्य फ्लक्सवरून शून्य क्षेत्र म्हणता येतं ते सममिती असेल तरच, कारण तेव्हाच E सगळीकडे सारखा असतो आणि फ्लक्सच्या बेरजेतून बाहेर काढता येतो.

चार्ज असलेल्या लांब सरळ तारेला गोल नाही, तारेभोवतीची L लांबीची नळी घ्यायची. नळीच्या दोन टोकांच्या झाकणांतून फ्लक्स जात नाही, बाजूचं क्षेत्रफळ 2πrL, तारेच्या दर मीटरवरचा चार्ज λ, म्हणून E = λ/(2πε₀r). अंतर तिप्पट केलं तर क्षेत्र तिसरा हिस्सा उरतं, गोलाच्या बाहेर मात्र नववा. तार एक मीटरची असेल आणि तुम्ही मधोमध दोन सेंटीमीटरवर असाल तर हे सूत्र छान चालतं, टोकाजवळ गेलात की क्षेत्र तिरकं होतं, झाकणांतूनही फ्लक्स जायला लागतो आणि E बाहेर काढायचा हक्क जातो.