फ्रेझबँक आणि नऊ शब्दांची मर्यादा

नाशिकमध्ये मराठी माध्यमातून शिकलेले अनेक जण पीएचडीचा प्रबंध इंग्रजीत लिहायला बसले की मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘अकॅडेमिक फ्रेझबँक’ या तयार वाक्यरचनांच्या संग्रहाचा आधार घेतात. तयार वाक्य उचललं तर चोरी ठरेल का, ही धास्ती मात्र मनात असते. ही फ्रेझबँक कशी घडली ते पाहिलं की उत्तराचा बराचसा भाग तिथेच सापडतो.

१९८१ साली भाषाअभ्यासक जॉन स्वेल्स यांनी ४८ शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासल्या. विषय निरनिराळे, पण मांडणीची वळणं तीच. पुढे १९९० मध्ये त्यांनी तीन टप्पे ठरवले: विषयाचं महत्त्व सांगायचं, आधीच्या संशोधनातली उणीव दाखवायची, मग आपलं काम तिथे बसवायचं. मँचेस्टरच्या जॉन मॉर्ली यांनी अशा टप्प्यांना लागणारे शब्दबंध तिथल्याच १०० पदव्युत्तर प्रबंधांतून वेचले आणि त्यातले मूळ विषयाचे शब्द बदलले. असे शब्दबंध पुन्हा वापरण्याचे निकषही पुढे प्राध्यापकांच्या एका सर्वेक्षणातून निघाले. रचना कुणा एकाची खास नसावी, तिच्यात कुणाचं स्पष्ट मत नसावं आणि लांबी फार तर नऊ शब्दांची असावी.

द्राक्षांवरच्या केवडा रोगाचं उदाहरण घेऊ. समजा, एका निबंधात आहे: ‘लिटल अटेन्शन हॅज बीन पेड टू द रोल ऑफ लीफ वेटनेस’. यातले ‘रोल ऑफ’पर्यंतचे शब्द बरोबर नऊ. ते रसायनशास्त्रात चालतील, इतिहासातही चालतील, बिनधास्त घ्या. पण लेखक पुढे म्हणतो, ‘बिकॉज ग्रोअर्स स्प्रे बाय द कॅलेंडर अँड नॉट बाय द ड्यू’, म्हणजे बागायतदार दव पाहून नव्हे, तारीख पाहून फवारतात. हे निरीक्षण त्याचं आणि ही धाटणीही त्याचीच. ‘ड्यू’च्या जागी ‘फॉग’ घातल्याने ते तुमचं होत नाही. विचार हवा असेल तर वाक्य मोडून स्वतःच्या शब्दांत लिहा आणि तरीही संदर्भ द्या.

गंमत म्हणजे हा तुकडा अकराच शब्दांचा आहे. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८च्या नियमावलीत सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणाऱ्या सलग १४ शब्दांपर्यंत सूट आहे. त्यामुळे तपासणीच्या अहवालात तो कदाचित दिसणारही नाही. म्हणून काही तो योगायोगाने जुळलेला ठरत नाही.

निर्धोक नऊ शब्दांतही एक अडचण उरतेच: ते दावा करतात. केवड्यावर भरपूर संशोधन झालेलं आहे. तिथे ‘लिटल अटेन्शन’ लिहिलं तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील. आधी निबंध धुंडाळा. उणीव फक्त दिंडोरीच्या उशिरा छाटलेल्या बागांपुरती निघाली, तर वाक्यातही तेवढंच लिहा.